पाच हिरवे: सजीवांच्या पाच सृष्ट्या डोक्यात बसवणारा तक्ता

माझी भाची मैथिली वडोदऱ्यातच वाढली. घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत इंग्रजी. नववीच्या परीक्षेआधी ती माझ्याकडे आली तेव्हा पाचही सृष्ट्यांची नावं तिला घडाघडा येत होती. त्यासाठी तिनं स्वतःच एक वाक्य रचलं होतं: ‘मोरू प्रोफेसर कढी वाढतो प्रामाणिकपणे.’ मोनेरा, प्रोटिस्टा, कवक, वनस्पती, प्राणी. क्रमसुद्धा बरोबर. मग मी तिला विचारलं, ‘दांडिया बाजारातल्या आपल्या गच्चीवर पावसाळ्यात जे हिरवं-काळं लिबलिबीत पसरतं, ते यातलं कोण?’ ती म्हणाली, ‘मावशी, ती तर लील. म्हणजे प्लान्ट.’

उत्तर चुकलं. पण चूक तिच्या पाठांतराची नव्हती, शब्दाची होती. आपण मराठीत ज्याला शेवाळ म्हणतो आणि गुजरातीत ज्याला लील म्हणतात, त्या एका शब्दात तीन-चार वेगवेगळे जीव कोंबलेले आहेत आणि ते एका सृष्टीतले नाहीत. म्हणून मी तिला पंधरा-वीस उदाहरणांचा नेहमीचा तक्ता करू दिला नाही. आम्ही प्रत्येक सृष्टीतून एकेक हिरवा जीव घेतला. पाचही हिरवे, आणि पाचांच्या हिरवेपणाची कारणं वेगळी. तो तक्ता कसा करायचा ते पुढे सांगते.

आधी तीन प्रश्न लिहा

जुन्या कॅलेंडरची मागची कोरी बाजू उभी धरा. पाच रकाने लगेच आखू नका. आधी वरून खाली तीन प्रश्न लिहायचे आणि दोन प्रश्नांमध्ये चार बोटं जागा सोडायची.

पहिला प्रश्न: पेशीत केंद्रक आहे का? नसेल तर बाण बाजूला काढा आणि तिथे ‘मोनेरा’ लिहा. असेल तर खाली या.

दुसरा प्रश्न: शरीर एकाच पेशीचं आहे का? हो असेल तर बाण बाजूला, ‘प्रोटिस्टा’. अनेक पेशी असतील तर आणखी खाली.

तिसरा प्रश्न: खातो कसा? इथे तीन बाण फुटतात. उजेडात स्वतः अन्न बनवतो ती वनस्पती. अन्न बाहेरच पचवून शोषून घेतो ते कवक. गिळून आत पचवतो तो प्राणी.

रॉबर्ट व्हिटाकर यांनी 1969 मध्ये पाच सृष्ट्या मांडल्या, तेव्हा त्यांच्या मांडणीचा सांगाडा जवळपास हाच होता. त्याआधीची कथा एका ओळीत सांगता येते, आणि परीक्षेतही ती तेवढीच विचारतात. लिनियस यांनी 1735 मध्ये वनस्पती आणि प्राणी अशा दोनच सृष्ट्या धरल्या, हेकेल यांनी 1866 मध्ये प्रोटिस्टा वेगळी काढली, आणि कोपलँड यांनी 1938 मध्ये केंद्रक नसलेले जीव बाजूला काढून चार सृष्ट्या केल्या. व्हिटाकर यांनी कवकांना वनस्पतींच्या घरातून बाहेर काढून पाचवं घर दिलं. माझ्या मते पाचांतली ही सगळ्यात शहाणपणाची वाटणी आहे. का ते लिंबाजवळ आल्यावर कळेल.

पहिला हिरवा: गच्चीवरचा नॉस्टॉक

पहिल्या पावसानंतर गच्चीच्या कोपऱ्यात, पाणी साठतं तिथे, काळपट-हिरव्या जेलीसारखे गोळे दिसतात. उन्हात वाळून त्यांच्या काळ्या पापड्या होतात आणि पुढच्या सरीनं पुन्हा फुगतात. हा बहुधा नॉस्टॉक असतो. बोटानं चिरडून त्याचा टाचणीच्या टोकाएवढा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, वर आच्छादक काच टाका आणि 400 पट मोठं करून पाहा. मण्यांच्या माळा दिसतील.

आता नवख्यांची अडचण येते. पुस्तक सांगतं, मोनेरात केंद्रक नसतं. पण शाळेच्या सूक्ष्मदर्शकात हिरव्या पेशीतलं केंद्रक असलं तरी नीट दिसत नाही. मग नाही हे ठरवणार कसं? त्यासाठी मी मुलांना दुसरी खूण देते: हिरवा रंग डबीत भरलेला आहे की पेशीभर सांडलेला? वनस्पतींत हरितद्रव्य हरितलवक नावाच्या डब्यांत असतं आणि कडा स्पष्ट दिसतात. नॉस्टॉकच्या मण्यात डबी नाही. हिरवा-निळसर रंग सगळीकडे सारखा पसरलेला असतो. ज्या पेशीत हरितलवकाची डबी आहे तिच्यात केंद्रकाचीही सोय आहे, हे धरून चालायला हरकत नाही. डबीच नसेल आणि रंग मात्र हिरवा-निळा असेल, तर मोनेरा.

हा निळसरपणा फायकोसायनिन नावाच्या दुसऱ्या रंगद्रव्यामुळे येतो. म्हणून या मंडळींना सायनोबॅक्टेरिया म्हणतात. जुन्या पुस्तकांत त्यांना ‘नीलहरित शैवाल’ म्हटलंय. हे नाव मुलांना हमखास फसवतं, कारण शैवाल म्हटलं की हात आपोआप वनस्पतीकडे जातो.

दह्यातले लॅक्टोबॅसिलस याच सृष्टीतले, पण ते हिरवे नाहीत. स्वतः अन्न बनवत नाहीत, दुधातल्या साखरेवर जगतात. म्हणजे मोनेरात खाण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि घर ठरतं ते फक्त केंद्रक नसण्यावर. तक्त्यात मोनेराच्या बाणावर हे ठळक लिहा.

दुसरा हिरवा: युग्लीना

यासाठी साचलेलं हिरवं पाणी लागतं. कुंडीखालच्या बशीत किंवा गुरांच्या जुन्या हौदात ते मिळतं. काचेच्या बरणीत दोन दिवस खिडकीपाशी ठेवा, थेट उन्हात नको. जिकडे उजेड आहे त्या बाजूला पाणी जास्त हिरवं होऊ लागलं तर पोहणारं काहीतरी आहे, एवढं डोळ्यांनीच कळतं. थेंब त्याच बाजूचा घ्या.

100 पटीवर पाहायला लागलात की पहिली चूक होते ती हवेच्या बुडबुड्यांची. ठळक काळी कड असलेली, अगदी गोल, आत काहीच नसलेली वर्तुळं म्हणजे बुडबुडे. दुसरी चूक वाहत्या पाण्याची. काच टाकल्यावर थोडा वेळ सगळंच एका दिशेनं सरकतं आणि मुलं ओरडतात, ‘चालतंय, चालतंय!’ मिनिटभर थांबा. जो आपल्या मर्जीनं वळतो, मागे फिरतो, स्वतःभोवती गिरक्या घेतो, तो पोहतोय.

युग्लीना लांबट, लवचिक, साधारण 50 मायक्रोमीटरची असते. आत हरितलवकाच्या डब्या असतात आणि पुढच्या टोकाला एक तांबूस ठिपका, ज्याच्या मदतीनं ती उजेडाची दिशा ओळखते. कशाभिका म्हणजे शेपटासारखा धागा. तो प्रत्येक वेळी दिसेलच असं नाही. प्रकाश थोडा कमी केला तर दिसण्याची शक्यता वाढते.

उजेडात ती अन्न बनवते. अंधारात ठेवली तर बाहेरचं अन्न घेऊन जगते. भित्तिका नाही, लवकं आहेत, आणि पोहते. दोनच सृष्ट्या होत्या तेव्हा वनस्पतीवाले आणि प्राणीवाले दोघंही आपापल्या पुस्तकात तिला घ्यायचे. व्हिटाकरांच्या मांडणीत वाद मिटतो: केंद्रक आहे, पेशी एक आहे, म्हणजे प्रोटिस्टा. खाणं कसं हे तिथे विचारायचंच नाही. अमीबा गिळतो, पॅरामेशियम गिळतो, मलेरियाचा प्लाझमोडियम आपल्या रक्तपेशीत बसून खातो. सगळे याच घरातले.

तिसरा हिरवा: लिंबावरची बुरशी

खंडेराव मार्केटमधून आणलेली लिंबं टोपलीत राहून गेली की एखाद्यावर पांढरा कापसासारखा डाग येतो आणि दोन-तीन दिवसांत मधून मळकट हिरवा होतो. कडेला पांढरी झालर राहते. ही पेनिसिलियम. तिच्यात हरितद्रव्य कणभरही नाही. हिरवे आहेत ते बीजाणू. ती अंधाऱ्या कपाटातही तितकीच हिरवी होते, यावरूनच कळतं की या हिरव्याला उजेडाची गरज नाही. डाग जवळून पाहा, पण नाक लावू नका आणि फुंकर मारू नका. बीजाणू पिठीसारखे उडतात आणि श्वासात जातात. लिंबू पारदर्शक पिशवीत बंद करून बाहेरूनच पाहणं बरं.

आता त्या लिंबाला पिशवीवरूनच हलकं दाबा. डागाखालची साल मऊ, पाणचट लागते. बुरशी विकरं बाहेर सोडते, लिंबाचं अन्न बाहेरच पातळ करते आणि मग शोषून घेते. तोंड नाही, पोट नाही, जेवण मात्र पूर्ण. हे खाणं ना वनस्पतीचं ना प्राण्याचं. शिवाय तिची भित्तिका सेल्युलोजची नसून कायटीनची. झिंग्यांचं कवच आणि झुरळाचं आवरण यांतही कायटीनच असतं. वेगळं घर द्यायला आणखी काय हवं?

याच घरात एक खोडकर मूल आहे: यीस्ट. सेव-उसळीबरोबरचा पाव फुगवणारं यीस्ट एकपेशीय आहे, केंद्रक आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नाप्रमाणे ते प्रोटिस्टात जायला हवं. पण भित्तिकेत कायटीन आहे, खाणं शोषून आहे, आणि नातेवाईक सगळे बुरशीवाले. त्याचे पूर्वज बहुपेशीय होते, यीस्टनं नंतर संसार आटोपता घेतला. मैथिलीनं तक्त्यात प्रोटिस्टाच्या बाणावर लाल पेनानं लिहिलं: ‘यीस्ट इथे थांबू नकोस, खाली ये.’ तुम्हीही लिहा. परीक्षेत इथेच सगळ्यात जास्त गुण जातात.

चौथा हिरवा: स्पायरोगायरा

वडोदऱ्याचं नावच वडावरून आलेलं, तेव्हा वनस्पतीसाठी वड घ्यावा असा मोह होतो. पण वड कोणीच चुकवत नाही. तक्त्यावर तो जीव हवा जो नॉस्टॉकशी गल्लत करतो. म्हणून स्पायरोगायरा. संथ, स्वच्छ पाण्यात तरंगणारे लांब, गुळगुळीत, पोपटी धागे. बोटांत धरले तर ओल्या रेशमासारखे निसटतात.

सूक्ष्मदर्शकात ओळखायला सर्वांत सोपा. पेट्यांसारख्या पेशी एकापुढे एक, आणि प्रत्येक पेटीत हरितलवकाची फीत स्प्रिंगसारखी वळलेली. डबी इतकी देखणी की पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण दोनदा वाकून बघतो. फितीवर ठिपके दिसतात, ती स्टार्चची कोठारं. इथे आयोडीनची परीक्षा करा. प्रयोगशाळेतल्या पातळ आयोडीनचा थेंब आच्छादक काचेच्या एका कडेला सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागदाचा तुकडा टेकवा. आयोडीन आत ओढलं जाईल आणि ठिपके निळे-काळे होतील. नॉस्टॉकच्या काचपट्टीवर हेच केलं तर निळा-काळा रंग येत नाही, कारण तो स्टार्च साठवत नाही. युग्लीनाही निळी होत नाही, तिचं साठवलेलं अन्न वेगळ्या जातीचं आहे. मात्र आयोडीननं ती मरते, म्हणून तिची पोहण्याची गंमत आधी पाहून घ्या.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हिरव्या शैवालांचं घर सगळे एकच मानत नाहीत. स्पायरोगायराला शाळेची पुस्तकं थॅलोफायटा म्हणून वनस्पतीत ठेवतात. एकपेशीय क्लॅमिडोमोनास मात्र कधी प्रोटिस्टात, कधी शैवाल म्हणून वनस्पतीत सापडतो. आपल्या प्रश्नांप्रमाणे तो प्रोटिस्टात जातो. परीक्षेत मात्र स्वतःच्या पुस्तकाप्रमाणे लिहा, वाद घरी घाला.

आणि भिंतीवरचं मखमलीसारखं शेवाळ? ते मॉस. नुसत्या डोळ्यांनीही बारीक पानं दिसतात. तेही वनस्पतीच.

पाचवा हिरवा: पोपट

कमाटीबागेतल्या झाडांवर संध्याकाळी पोपटांचा कलकलाट असतो. त्यांच्या पिसांत हरितद्रव्य नाही, आणि गंमत म्हणजे हिरवं रंगद्रव्यही नाही. पिसात पिवळं रंगद्रव्य असतं आणि पिसाची सूक्ष्म रचना प्रकाशातला निळा भाग परत फेकते. पिवळा आणि निळा मिळून आपल्याला हिरवा दिसतो. प्राणीसृष्टीच्या खुणा इथे पटकन आटपतात: अनेक पेशी, भित्तिका नाही, अन्न गिळून आत पचवणं. विश्वामित्रीतली मगर आणि कुंडीतलं गांडूळ दोघांनाही हे लागू.

आता तक्ता भरा

तीन प्रश्नांच्या खाली हा चौकोन आखा. पाचही हिरव्यांची चित्रं त्यांच्या ओळीत, स्वतःच्या हातानं, कशीही वाकडी काढा. हिरव्या रंगाची छटाही वेगवेगळी वापरा, कारण छटा आठवली की कारण आठवतं.

| सृष्टी | केंद्रक | पेशी | भित्तिका | खाणं | आपला हिरवा आणि त्याचे कारण | सोबती |
|---|---|---|---|---|---|---|
| मोनेरा | नाही | एक (माळ असू शकते) | बहुतेकांना आहे | मिश्र | नॉस्टॉक: रंग पेशीभर | लॅक्टोबॅसिलस |
| प्रोटिस्टा | आहे | एक | काहींना | मिश्र | युग्लीना: रंग डबीत, पोहते | अमीबा, पॅरामेशियम |
| कवक | आहे | अनेक (यीस्ट सोडून) | कायटीन | बाहेर पचवून शोषणे | पेनिसिलियम: बीजाणू हिरवे | यीस्ट, अळंबी |
| वनस्पती | आहे | अनेक | सेल्युलोज | स्वतः बनवणे | स्पायरोगायरा: रंग फितीत | वड, मॉस, नेचा |
| प्राणी | आहे | अनेक | नाही | गिळणे | पोपट: पिवळा अधिक निळा | मगर, गांडूळ |

विषाणू कुठे लिहायचे, असं कोणी विचारलं तर तक्त्याच्या चौकटीबाहेर, कोपऱ्यात. त्यांना पेशीच नाही, तेव्हा पहिला प्रश्नच विचारता येत नाही.

तक्ता पाठ झाला की नाही हे पाहायला उलटं विचारा. ओळ झाका आणि फक्त ‘हिरवं आहे, अंधारात वाढतं’ एवढंच सांगा. किंवा ‘हिरवं आहे, आयोडीननं काळं पडत नाही, आणि पोहतही नाही’. मैथिलीनं दुसऱ्यावर थोडा वेळ घेतला आणि म्हणाली, ‘गच्चीवरचा.’

वूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये दाखवलं की केंद्रक नसलेल्यांतही दोन अगदी वेगळी कुळं आहेत, बॅक्टेरिया आणि आर्किया. म्हणजे आपला मोनेराचा रकाना खरं तर दोन खोल्यांचा आहे. तिथे पेन्सिलीनं मध्ये एक तुटक रेघ मारून ठेवा, अकरावीत लागेल.

शेवटची रेघ मैथिलीनंच मागितली. मी तिला सांगितलं होतं की वनस्पतींतली ही हरितलवकाची डबी मुळात एक सायनोबॅक्टेरियाच होती. फार पूर्वी एका केंद्रकवाल्या पेशीनं तिला गिळलं, पण पचवलं नाही. लिन मार्ग्युलिस यांनी 1967 मध्ये हा विचार नेटानं मांडला. डबीच्या आत स्वतःचं डीएनए सापडतं, ते याच्याच बाजूनं बोलतं. ‘मग नॉस्टॉकच्या ओळीतून वडाच्या ओळीकडे बाण हवा,’ ती म्हणाली. काढला. ‘आणि युग्लीनाची डबी कुठली?’ ती एका हिरव्या शैवालाची, युग्लीनाच्या पूर्वजानं गिळलेली. तेव्हा दुसरा बाण वनस्पतीच्या ओळीतून निघून वर प्रोटिस्टाकडे गेला. हिरवी खडूकांडी तोवर संपत आली होती, म्हणून तो बाण अर्धा हिरवा आणि अर्धा निळा झाला.